मीठ आहे का तिकडे?

रविवारची दुपार होती. मामाच्या घरी आम्ही सात-आठ जण जेवायला बसलो होतो आणि त्या दिवशी सगळा स्वयंपाक मामाने एकट्याने केला होता. आमटीभाताचा पहिला घास घेतल्यावर माझे वडील माझ्याकडे वळून म्हणाले, "मीठ आहे का रे तिकडे?" मिठाची वाटी माझ्या ताटाशेजारीच होती. मी ती उचलून त्यांच्यापुढे सरकवली. तिकडे मामाचा हात घासावरच थांबला. "दाजी, अळणी झाली का हो आमटी?" त्याने विचारलं. वडील घाईघाईने म्हणाले, "छे छे, उत्तम झालीये. मला वरून थोडं लागतंच." मामा हसला, पण दुसऱ्यांदा आमटी वाढायला आणण्याआधी त्याने पातेल्यात चिमूटभर मीठ टाकल्याचं मी पाहिलं.

पाच शब्दांचं ते वाक्य मी पुढे कित्येक दिवस मनात घोळवत होतो. व्याकरणाच्या पुस्तकाला विचारलं, तर ते एक साधं प्रश्नार्थक वाक्य आहे. मिठाची वाटी अमुक ठिकाणी आहे की नाही, एवढंच ते विचारतं. मला मात्र त्यात प्रश्न ऐकूच आला नाही. मी 'आहे' असं उत्तर दिलं नाही, वाटी पुढे केली. आणि मामाच्या कानावर पडला तो ना प्रश्न, ना विनंती. त्याला त्यात आपल्या आमटीवरचा शेरा ऐकू आला. वाक्य एक, बोलणारा एक, क्षणही एकच. मग वडिलांनी नेमकं केलं काय? विचारलं, मागितलं, की नाव ठेवलं?

या कोड्याची नीट उकल करायची साधनं आपल्याला दिली ती जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने. ऑस्टिन ऑक्सफर्डला शिकवत असत. 1955 साली त्यांनी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात बारा व्याख्यानं दिली. 1960 मध्ये, पन्नाशीही गाठण्याआधी, ते वारले आणि त्या व्याख्यानांच्या टिपणांवरून 1962 साली 'हाऊ टू डू थिंग्ज विथ वर्ड्स' हे पुस्तक निघालं. शब्दांनी कामं कशी करावीत, असा त्या नावाचा सरळ अर्थ.

आपण उक्ती आणि कृती या दोन गोष्टी एकमेकींसमोर उभ्या करतो. 'नुसतं बोलू नका, करून दाखवा' हे आपलं पेटंट वाक्य. ऑस्टिन यांचं म्हणणं असं की काही बाबतींत बोलणं हेच करणं असतं. सभेचा अध्यक्ष उभा राहून म्हणतो, "सभा तहकूब झाल्याचं मी जाहीर करतो." तो तहकुबीची बातमी सांगत नसतो. त्या शब्दांनीच सभा तहकूब होते. "उद्या नक्की येतो, वचन देतो" असं म्हटलं की वचन दिलं गेलं, ते द्यायला आणखी काही करावं लागत नाही. अशी वाक्यं खरी की खोटी, हे विचारण्यात अर्थ नसतो. ती लागू पडली की फसली, एवढंच विचारता येतं. श्रोत्यांतल्या कुणी उठून 'सभा तहकूब' म्हटलं, तर ते वाक्य खोटं ठरत नाही, फुकट जातं, कारण तसं म्हणण्याचा अधिकारच त्याला नाही.

सुरुवातीला ऑस्टिन यांना वाटलं होतं की अशी 'करणारी' वाक्यं थोडी असावीत आणि बाकीची फक्त माहिती सांगणारी. पण व्याख्यानं पुढे सरकली तशी त्यांनी स्वतःच घातलेली ही भिंत पाडून टाकली. 'बाहेर पाऊस पडतोय' हे सांगणंही एक करणंच आहे. ते विधान असेल, छत्री ने असा सल्ला असेल, किंवा 'आज फिरायला येत नाही' अशी सबब असेल. म्हणजे प्रत्येक बोलणं ही कृती आहे. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की एका बोलण्यात कृतीचे किती थर असतात?

ऑस्टिन यांनी तीन थर वेगळे केले. पहिल्याला त्यांनी लोक्युशनरी म्हटलं. आपण त्याला उक्ती म्हणू. ठरावीक भाषेतले ठरावीक शब्द ठरावीक अर्थाने उच्चारणं, म्हणजे उक्ती. वडिलांची उक्ती अशी होती: मीठ नावाचा पदार्थ माझ्या बाजूला आहे का, असा प्रश्न. 'तिकडे' म्हणजे माझ्या ताटाकडे आणि 'रे' म्हणजे मी, हे समजण्यापर्यंतचा सगळा भाग यात येतो.

दुसरा थर इलोक्युशनरी. हे शब्द म्हणताना माणसाने काय केलं, हा त्याचा विषय. विचारलं, मागितलं, बजावलं, शपथ घेतली, माफी मागितली, ही सगळी कामं इथली. याला आपण उक्तीतली कृती म्हणू. ऑस्टिन यांनी इथे 'फोर्स', म्हणजे बळ, हा शब्द वापरला. एकाच अर्थाची उक्ती कधी प्रश्नाच्या बळाने येते, कधी विनंतीच्या, तर कधी धमकीच्या. वडिलांची उक्ती विनंतीच्या बळाने आली होती.

तिसरा थर पर्लोक्युशनरी. बोलल्यामुळे ऐकणाऱ्यावर जे घडतं, त्याचा हा थर. तो पटतो, घाबरतो, सुखावतो, दुखावतो, उठून कामाला लागतो. ही उक्तीची परिणती. मी वाटी सरकवली ही एक परिणती आणि मामा ओशाळला ही दुसरी. पहिली वडिलांना हवी होती. दुसरी त्यांच्या मनातही नव्हती.

दुसरा आणि तिसरा थर सहज एकमेकांत मिसळतात, म्हणून त्यांच्यातली रेघ ओळखायची एक खूण जवळ ठेवावी. उक्तीतली कृती त्याच क्रियापदाने उघड करता येते. "मी तुम्हाला विनंती करतो" असं म्हटलं की विनंती झाली. "मी तुम्हाला इशारा देतो" म्हटलं की इशारा दिला गेला. पण "मी तुम्हाला पटवतो" एवढं म्हटल्याने काही पटत नाही आणि "मी तुम्हाला घाबरवतो" म्हटल्याने कुणी घाबरत नाही. विनंती करणं माझ्या हातात आहे, ती मानणं तुमच्या. म्हणूनच 'विनंती केली, पण ऐकली नाही' हे वाक्य अगदी सुरळीत आहे आणि 'पटवलं, पण पटलं नाही' हे अडखळतं.

एक गोष्ट मात्र विनंतीलाही ऐकणाऱ्याकडून लागते. आपल्याला विनंती केली जाते आहे, हे त्याच्या लक्षात आलं पाहिजे. मी त्या वेळी फोनवर बोलत असतो आणि मला काहीच ऐकू आलं नसतं, तर वडिलांनी विनंतीचा प्रयत्न केला, एवढंच म्हणता आलं असतं. समजणं हा दुसऱ्या थराचा भाग आहे, मानणं हा तिसऱ्याचा.

इथवर सगळं स्वच्छ दिसतं. खरी कसोटी यापुढे आहे. उक्ती प्रश्नाची आणि कृती विनंतीची, हा सांधा जुळतो कसा? मला कुणी 'मीठ दे' असं म्हटलंच नव्हतं. तरी मी ते ऐकलं. अशा आडवळणाच्या विनंत्या हे या सिद्धांतापुढचं सगळ्यात अवघड गणित होतं आणि ते मांडलं ऑस्टिन यांच्याच ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या जॉन सर्ल या अमेरिकी तत्त्वज्ञाने.

सर्ल यांनी 1969 सालच्या आपल्या पुस्तकात आधी विचारलं की विनंती ही विनंती ठरण्यासाठी काय काय जागेवर असावं लागतं. त्यांच्या उत्तरात चार अटी आहेत. पहिली, विनंती ऐकणाऱ्याने पुढे करायच्या कामाविषयी हवी. 'काल लवकर ये' ही विनंती होऊ शकत नाही. दुसरी, ते काम त्याला करता येण्याजोगं हवं आणि न सांगता तो ते करणारच आहे, असंही नसावं. तिसरी, सांगणाऱ्याला ते काम खरंच व्हायला हवं असावं. आणि चौथी, विनंतीचा गाभा: हे बोलणं म्हणजे समोरच्याकडून ते काम करवून घेण्याचा प्रयत्न, असं धरलं जावं.

आता आपल्या रोजच्या आडवळणाच्या विनंत्या या अटींशेजारी ठेवून पाहा. 'पेन आहे का तुमच्याकडे?' हा प्रश्न दुसऱ्या अटीला हात लावतो, तुम्हाला ते देता येईल का याला. 'मला एक पेन हवं होतं' हे विधान तिसऱ्या अटीला हात लावतं, माझ्या इच्छेला. 'जरा दार लावतोस का?' हा प्रश्न पहिल्या अटीला, पुढे होणाऱ्या कामाला, स्पर्श करतो. आणि गर्दीत 'तुमचा पाय माझ्या पायावर आलाय' असं आपण म्हणतो, तेव्हा काम करण्याचं कारणच समोर ठेवतो. सर्ल यांनी 1975 साली आडवळणाच्या वाक्कृतींवर जो निबंध लिहिला, त्याचा कणा हाच आहे. ऐकणारा काही हवेतून अंदाज बांधत नाही. विनंती ज्या खांबांवर उभी असते, त्यातल्या एखाद्या खांबावर बोलणारा टकटक करतो आणि त्या आवाजावरून ऐकणाऱ्याला अख्खं घर ओळखू येतं.

चौथ्या खांबावर मात्र टकटक करता येत नाही. 'मी तुला हे करायला सांगतोय' असं म्हटलं की आडवळण संपलं, विनंती उघडी पडली.

ओळखण्याची ही क्रिया एकदा हळू करून पाहू. एसटीत चढलेला प्रवासी पंचावन्न रुपयांच्या तिकिटासाठी शंभराची नोट पुढे करतो. कंडक्टर विचारतात, "पाच सुट्टे आहेत का?" प्रवासी खिशातून पाचचं नाणं काढून देतो आणि कंडक्टर पन्नासाची नोट परत करतात. नाणं मागितल्याचा एकही शब्द कुठे उच्चारला गेलेला नाही.

प्रवाशाच्या डोक्यात जे क्षणात झालं, ते सावकाश लिहिलं तर असं दिसेल. माझ्याकडे पाच रुपये आहेत का, असं यांनी विचारलं. पण गाडी भरलेली आहे, मागे आणखी पंधरा जणांची तिकिटं फाडायची आहेत. अशा वेळी माझ्या खिशाची नुसती चौकशी करण्यात यांना काय रस असणार? तेव्हा त्यांचा रोख प्रश्नापलीकडचा असला पाहिजे. नाणं जवळ असणं ही ते देऊ शकण्याची अट आहे. त्यांना पंचेचाळीस परत द्यायचे आहेत आणि मी पाच दिले तर एका नोटेत काम भागतं. म्हणजे मी द्यावेत असं वाटायला त्यांच्याकडे उघड कारण आहे. त्यांनी देण्याची अट तपासली, कारणही समोर आहे, तेव्हा ते नाणं मागताहेत.

या साखळीतली सगळ्यात नाजूक कडी दुसरी आहे: नुसत्या उत्तराचा बोलणाऱ्याला उपयोग काय? ती कडी निसटली की तोच साचा वेगळं काम करतो. खांदा आखडलेला माणूस डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर विचारतात, "हात वर जातो का?" रुग्ण म्हणतो, "जातो, पण खांद्याच्या वर गेला की कळ येते." हे उत्तर पूर्ण आहे. डॉक्टरांना ही माहिती खरोखर हवी होती. रुग्णाने बोलण्याऐवजी हात उचलून दाखवला, तरी ते त्या प्रश्नाचं उत्तरच. साचा जवळजवळ सुट्ट्या पैशांचाच, म्हणजे समोरच्याला जमेल का हे विचारण्याचा, तरी इथे प्रश्न प्रश्नच राहतो.

म्हणून ओळखायची साधी रीत अशी. समोरच्याला नुसतं 'हो' किंवा 'नाही' म्हणा आणि थांबा. त्याचं काम तेवढ्यावर भागलं, तर तो प्रश्न होता. 'हो' ऐकूनही तो तसाच वाट पाहत राहिला, तर ती विनंती होती. लहान मुलं ही रीत शिकायच्या वाटेवर असतात, तेव्हा ती आपल्याला अगदी जवळून दिसते. फोन वाजतो, चार वर्षांची मुलगी उचलते. "आई आहे का घरी?" "आहे." आणि मग दोन्ही टोकांना शांतता. तिने उक्ती अचूक ऐकली, उत्तरही खरं दिलं. आईला बोलव, ही उक्तीतली कृती तिच्यापर्यंत अजून पोहोचलेली नाही.

यावरून कुणाला वाटेल की आडवळणाची विनंती म्हणजे निव्वळ तर्काचा खेळ. तसं असतं, तर कुठल्याही भाषेत कुठलीही अट विचारून काम झालं असतं. सर्ल यांचं गाजलेलं उदाहरण जेवणाच्या टेबलावरचं आहे. त्याचं शब्दाला शब्द ठेवून मराठी केलं तर 'तू मीठ देऊ शकतोस का?' असं होईल. इंग्रजीत तसं विचारणं इतकं रुळलेलं आहे की त्यातला क्षमतेचा प्रश्न कुणाच्या कानालाही जाणवत नाही. मामाच्या घरी वडिलांनी मला तसं विचारलं असतं, तर मी चमकून पाहिलं असतं. माझा हात मोडलाय का? की काही चुकलं म्हणून बोलतायत? दुसरी अट तीच, तर्क तोच, पण मराठी ताटावर तो साचा परका वाटतो.

मराठीचे साचे वेगळे आहेत आणि ते निरखण्यासारखे आहेत. घरात, मित्रांत आपण वर्तमानकाळाला 'का' जोडतो: 'मीठ देतोस का?', 'पंखा लावतेस का जरा?' थोडं अंतर असलं किंवा काम मोठं असलं की भविष्यकाळ येतो: 'माझं एवढं पत्र टाकाल का?' काळ पुढे ढकलला की समोरच्याला विचार करायला जागा मिळते. त्याहून अंतर वाढलं की वाक्यातून करणारा माणूसच नाहीसा होतो. अनोळखी घराच्या दारात उभं राहून आपण विचारतो, 'पाणी मिळेल का?' देणारा कोण, तो देऊ शकतो का, देईल का, यातलं काहीच त्या वाक्यात नाही. फक्त पाणी आहे आणि ते माझ्यापर्यंत येणं आहे. 'उद्यापर्यंत शिवून देता येईल का?' यातही क्षमतेचा प्रश्न आहे, पण तो माणसाला नव्हे, परिस्थितीला विचारलेला आहे. नाही म्हणायची वेळ आलीच, तर शिंप्याला 'मी देत नाही' असं म्हणावं लागत नाही. 'नाही हो जमणार, लग्नसराई आहे' म्हटलं की झालं.

आणि हे साचे जागा सोडून वापरले, की त्यांचं बळ बदलतं. परक्या दारात अदबीचा असलेला 'मिळेल का' घरात आणून पाहा. नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला 'आज चहा मिळेल का?' असं म्हटलं, तर त्यात विनंतीपेक्षा टोमणाच जास्त ऐकू येतो. जिथे अंतर नाही तिथे अंतराची भाषा आणली, हाच तो टोमणा.

पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या अ‍ॅना व्हिएझ्बित्स्का या भाषाशास्त्रज्ञेने 1985 साली नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवलं. इंग्रजीतल्या कितीतरी प्रश्नरूपी विनंत्या पोलिशमध्ये जशाच्या तशा नेल्या तर त्या विनंत्या राहत नाहीत, असं त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे तर्क वाट दाखवतो, पण कोणती वाट वहिवाटीची आहे हे त्या त्या भाषेतल्या माणसांनी ठरवलेलं असतं.

मग दुसऱ्या टोकाला जाऊन असं म्हणावं का, की 'देतोस का' हा आता प्रश्न उरलेलाच नाही, 'दे' याचंच ते दुसरं रूप झालं आहे? जेरॉल्ड सॅडॉक यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी काही साच्यांबद्दल साधारण असंच मत मांडलं होतं. वाक्प्रचारात जसा मूळ शब्दार्थ विरून जातो, तसा इथला प्रश्न विरून गेलाय, असं. सर्ल यांनी ते मानलं नाही. शब्दाच्या अर्थाची रूढी वेगळी आणि वापराची रूढी वेगळी, असं त्यांचं उत्तर होतं. अर्थ प्रश्नाचाच राहतो, तो विनंतीसाठी वापरायची वहिवाट पडते.

याला पुरावा आपल्या उत्तरांतच सापडतो. 'पेन देता का जरा?' असं विचारल्यावर आपण म्हणतो, "हो, हे घ्या." यातला 'हो' कशाला दिला? 'दे' या आज्ञेला 'हो' म्हणता येतं, पण इथला 'हो' प्रश्नाचं उत्तर आहे आणि 'हे घ्या' हे विनंतीचं. एका दमात आपण दोन्ही थरांना पोच देतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट क्लार्क यांनी 1979 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दुकानदारांच्या तोंडून ऐकलं. दुकानांना फोन लावून 'किती वाजता बंद करता, ते सांगू शकाल का?' या धर्तीचे प्रश्न त्यांनी विचारले. काही दुकानदारांनी थेट वेळ सांगितली, तर काहींनी आधी 'हो' म्हणून मग वेळ सांगितली. प्रश्नाचा शब्दार्थ जितका खरोखरीचा वाटण्याजोगा होता, तितकं त्याला वेगळं उत्तर मिळण्याचं प्रमाण वाढत होतं. उक्ती मेलेली नसते. ती कृतीच्या आड उभी असते आणि सभ्य माणूस तिलाही नमस्कार करून पुढे जातो.

नकार देतानाही आपण याच खांबांचा आधार घेतो. 'देत नाही' असं क्वचितच कुणी म्हणतं. 'सुट्टे नाहीत हो' म्हणजे दुसरी अट पुरी होत नाही, म्हणून विनंती मोडली. ती मी मोडली नाही, परिस्थितीने मोडली. मागणाऱ्याने 'आहेत का?' विचारून हीच पळवाट आधीच ठेवलेली असते. आडवळणाच्या विनंतीतला आदर शब्दांच्या मऊपणात फारसा नसतो. तो असतो दुसऱ्याला मान न गमावता नाही म्हणता यावं, यासाठी ठेवलेल्या या जागेत.

साचा रुळलेला असला की हे सगळं सुखाने चालतं. तो सुटला आणि नुसती सूचकता उरली, की घोटाळे सुरू होतात. अकराव्या शतकातल्या काश्मीरमधले काव्यशास्त्रकार मम्मट यांनी 'काव्यप्रकाशा'त एक साधं उदाहरण घेतलं आहे: सूर्य मावळला, एवढंच वाक्य. गुराख्याला ते गुरं परत वळवायला सांगतं, मजुराला काम थांबवायला, कर्मठाला संध्येला बसायला आणि वाट पाहणारीला प्रियकराच्या येण्याची चाहूल देतं. मम्मट यांचा प्रश्न सुचलेल्या अर्थाचा होता, ऑस्टिन यांचा केलेल्या कृतीचा. पण अडचण दोघांनीही एकाच जागी पाहिली. इथे विनंतीच्या कुठल्याच अटीवर टकटक झालेली नाही. कोण ऐकतोय यावर सगळं अवलंबून आहे.

मराठी घरांना ही जागा चांगली ओळखीची आहे. लेकी बोले सुने लागे. सासू लेकीला म्हणते, "अगं, सकाळी उठून दारात सडा घालावा माणसाने." उक्ती लेकीला उद्देशून आहे आणि खोलीतल्या कुणालाही विचारलं, तरी बोल कुणाला लागला हे तो सांगेल. इथे शब्द एकीला दिले जातात आणि कृती दुसरीवर केली जाते. सून उलट बोलली, तर "तुला कुठे म्हणाले मी?" हे उत्तर तयारच असतं. शिंप्याच्या बाबतीत जी पळवाट ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी होती, ती इथे बोलणारीने स्वतःसाठी राखून ठेवली आहे. आडवळण दोन्हीकडे सारखंच आहे. सुटकेची वाट कुणाच्या बाजूला ठेवली, यावर ते सौजन्य की कावा हे ठरतं.

कचेरीतही हेच घडतं. साहेब जाता जाता म्हणतात, "तो अहवाल उद्या हातात असता तर बरं झालं असतं." ही इच्छा आहे की हुकूम? उक्तीवरून कळणार नाही. इथे एक प्रश्न मनाशी विचारावा: मी तो दिला नाही, तर परवा हे 'मी सांगितलं होतं ना' असं म्हणू शकतील का? तसं म्हणायचा त्यांना हक्क पोहोचत असेल, तर तो हुकूम होता. ज्याने सांगितलं त्याला जाब विचारता येतो आणि ज्याला सांगितलं त्याला जाब द्यावा लागतो. नुसत्या इच्छेच्या उच्चाराने हे नातं तयार होत नाही. आणि शंका राहिलीच, तर "म्हणजे उद्या द्यायचाय का, साहेब?" असं विचारून आडवळण सरळ करून घ्यावं. त्या एका प्रश्नाने साहेबांना आपण काय केलं ते कबूल करावं लागतं.

आता पुन्हा मामाच्या टेबलाकडे येऊ. वडिलांची उक्ती प्रश्नाची होती. त्यांची कृती विनंतीची होती, ती माझ्याकडे होती आणि ती मला समजली, म्हणून पुरी झाली. मी वाटी दिली नसती, तर "मागितलं होतं ना मीठ" असं ते मला म्हणू शकले असते. मामाला मात्र त्यांनी काही म्हटलं नव्हतं. आमटीला त्यांनी नाव ठेवलं, असं कुणी म्हटलं असतं तर ते चूक ठरलं असतं. तो बोल लेकी बोले सुने लागेतला नव्हता, कारण मामाला लागावा म्हणून तो मला दिलेला नव्हता. मामाच्या बाजूला जे घडलं, ते सगळं तिसऱ्या थरातलं, परिणतीतलं. मीठ मागितलं म्हणजे कमी असणार, हा तर्क मामाने स्वतः केला होता आणि तो काही अगदीच चुकीचाही नव्हता.

तरीही वडील "मी कुठे तुला म्हणालो?" असं म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते, तर ते शब्दशः खरं ठरलं असतं आणि मामाला आणखी लागलं असतं. त्यांनी जी केलीच नव्हती त्या कृतीचा जाब कुणी त्यांना विचारू शकत नव्हतं, तरी तिच्या परिणतीची काळजी त्यांनी स्वतःहून घेतली. "मला वरून थोडं लागतंच" हे वाक्य माहितीचं दिसतं, पण ते म्हणताना त्यांनी मामाची समजूत काढली. ती त्याला पटली की नाही, हे मामाच्या हातात होतं. त्याने पातेल्यात चिमूटभर मीठ टाकलं, पण दुसऱ्यांदा आमटी वाढायला तो पहिल्यांदा वडिलांच्याच ताटाशी आला.